प्रांताकडे अर्ज की कोर्टात पोटगीचा दावा? मुलं सांभाळत नसतील तर आई-वडिलांनी कुठे जावं

मुलगा पैसे देत नाही, औषधालाही विचारत नाही, अशा वेळी आई-वडिलांपुढे कायद्याने दोन रस्ते ठेवलेत. एक म्हणजे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीचा २००७ चा कायदा. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे जातो. दुसरा रस्ता फौजदारी प्रक्रियेतल्या पोटगीचा. पूर्वी ज्याला सगळे ‘सव्वाशे कलम’ म्हणायचे, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा, आणि जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात.

दोन्हीकडे एकदम मात्र जाता येत नाही. २००७ च्या कायद्याचं कलम १२ स्पष्ट सांगतं की दोन्हींपैकी एकाखालीच निर्वाह मागता येईल. म्हणून पहिला कागद देण्याआधीच ठरवायला हवं. बरेच जण शेजाऱ्याने सांगितलं म्हणून प्रांत कार्यालयात अर्ज टाकतात आणि रकमेची मर्यादा त्यांना नंतर कळते.

ही मर्यादा आहे महिना १०,००० रुपये. प्रांतांच्या न्यायाधिकरणाला यापेक्षा जास्त निर्वाहभत्ता लावता येत नाही. ही रक्कम २००७ साली ठरली आणि कायद्यात अजून तीच आहे. कोर्टाला अशी कमाल मर्यादा नाही. तिथे पूर्वी ५०० रुपयांची होती, ती २००१ मध्ये निघाली.

एक उदाहरण घेऊ. समजा, कराडला भाड्याने राहणाऱ्या ७१ वर्षांच्या एका विधवा बाई आहेत. भाडं ५,५००, किराणा, गॅस आणि वीज मिळून ५,०००, बीपी-शुगरची औषधं आणि तपासण्या ५,०००, जाणं-येणं आणि मोबाइल १,०००. एकूण १६,५००. ठेवीचं व्याज महिना १,५०० येतं, म्हणजे १५,००० कमी पडतात. थोरला मुलगा पुण्यात कंपनीत आहे, हातात ८०,००० येतात. धाकट्याचं गॅरेज आहे, कमाई आज आहे उद्या नाही. मुलगी लग्न झालेली, शिक्षिका.

प्रांतांकडे गेल्या तर यांना जास्तीत जास्त १०,००० मिळतील आणि ५,००० चा खड्डा तसाच राहील. कोर्टात पूर्ण १५,००० मागता येतात. नोकरदार मुलाची पगाराची स्लिप लपवणं अवघड असतं, आणि २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. माझं मत विचाराल तर या बाईंनी कोर्टात जावं, आणि मुख्य अर्जाबरोबरच अंतरिम पोटगीचा अर्ज लावावा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा असं कायदा सांगतो.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर एक गोष्ट ठाऊक असू द्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच सापडतं.

आता हेच उदाहरण थोडं बदलू. घर बाईंच्याच नावावर होतं आणि त्यांनी ते ‘मला शेवटपर्यंत सांभाळशील’ या अटीवर थोरल्याला बक्षीसपत्राने दिलं. वर्षभरात त्याने त्यांना बाहेर काढलं. इथे माझं मत पूर्ण उलटतं, त्यांनी प्रांतांकडेच जावं. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली असा व्यवहार रद्द ठरवता येतो, आणि पोटगीच्या कोर्टाकडे तो अधिकारच नाही. मात्र सांभाळण्याची अट होती हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘सुदेश छिकारा’ प्रकरणात या अटीवर भर दिला. जानेवारी २०२५ मध्ये ‘ऊर्मिला दीक्षित’ प्रकरणात, हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकतं, असं सांगितलं. तेव्हा बक्षीसपत्र अजून करायचं असेल, तर ही अट त्यातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. त्या घरात सून राहत असेल तर तिचा राहण्याचा हक्कही तपासला जातो, त्यामुळे घर रिकामं करून मिळेलच असं धरून चालू नका.

मूलबाळ नसलेल्यांनाही प्रांतांकडचाच रस्ता आहे. ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारस म्हणून जाणार आहे, अशा सज्ञान नातेवाइकाकडून तिथे निर्वाह मागता येतो. आई-वडिलांना मात्र दोन्हीकडे वयाची साठीची अट नाही. लग्न झालेल्या मुलीवरही दोन्हीकडे जबाबदारी येते. कोर्टातल्या पोटगीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८७ मध्येच सांगितलंय, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं.

अर्ज कुठल्या गावी करायचा, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. प्रांतांकडचा अर्ज तुम्ही राहता तिथे चालतो. जुन्या सव्वाशे कलमात मुलाच्या गावी जावं लागायचं, नव्या संहितेत आई-वडील राहतात तिथेही अर्ज करता येतो. म्हणजे कराडच्या आईला पुण्याला खेटे घालायला नकोत.

अर्ज लिहिताना भावना थोडक्यात ठेवा आणि आकडे नीट मांडा. महिन्याच्या खर्चाची यादी, औषधांची बिलं, भाडेकरार, बँकेचं पासबुक, प्रत्येक मुलाचा पत्ता आणि तो नोकरी किंवा धंदा कुठे करतो, हे सगळं हवं. प्रांतांकडे एकाच मुलाविरुद्ध अर्ज केला तरी चालतो, मग तो भावंडांना प्रकरणात ओढू शकतो. स्वतःला जाणं जमत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे. प्रांतांच्या मागे जमिनीची आणि निवडणुकीची कामं असतात, त्यामुळे तारखा लांबतात. म्हणून इथेही अंतरिम निर्वाह पहिल्याच अर्जात मागा. मुलाने अपील केलं म्हणून पैसे थांबत नाहीत, अपील चालू असताना त्याने भरणं चालूच ठेवायचं असतं.

आदेश झाला आणि पैसे आलेच नाहीत, तर दोन्हीकडे वसुलीचं वॉरंट निघतं आणि तरीही थकबाकी राहिली तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण मुदत वेगळी आहे. कोर्टाच्या आदेशाची थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षात मागता येते, प्रांतांच्या आदेशाची फक्त तीन महिन्यांत. ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणत मुलगा चार महिने काढतो आणि पहिल्या महिन्याचं वॉरंट हातचं जातं. प्रांतांचा आदेश असेल तर दुसरा हप्ता चुकताच वसुलीचा अर्ज द्या, आणि त्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.