२७ इंची फोर-के मॉनिटर, सात महिन्यांनंतर: आधी दिलेले दोन तारे मी मागे घेतोय

तिसऱ्या महिन्यात मी या मॉनिटरला दोन तारे देऊन मोकळा झालो होतो. ते चुकलंच. दोष मॉनिटरचा नव्हता. पण ज्या त्रासापायी मी तसं लिहिलं तो त्रास खरा होता आणि कोणत्याही दुकानदाराने तो आधी सांगितला नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो.

परभणीत वसमत रस्त्यावर माझं डीटीपीचं दुकान आहे. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. जुना साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर चांगला चालू होता, तो टाकवला नाही. नवा फोर-के डावीकडे, माझ्यासमोर ठेवला, आणि जुना उजवीकडे, गिऱ्हाईकाच्या खुर्चीकडे वळवून. मी डावीकडे पत्रिका जुळवायची आणि प्रूफची विंडो ओढून उजवीकडे न्यायची, म्हणजे नावं तपासायला गिऱ्हाईकाला माझ्या खांद्यावरून वाकायला नको. रंग आणि अक्षरांची धार याबद्दल पहिल्या दिवसापासून तक्रार नाही. जोडाक्षरातला रफार प्रिंट काढण्याआधीच स्पष्ट दिसतो, त्यामुळे कागद वाचतो.

त्रास व्हायचा तो ओढताना. प्रूफची विंडो दोन्ही स्क्रीनच्या मधोमध आली की थरथरायची. क्षणात मोठी, क्षणात लहान. बोट सोडलं तर कधी अर्धी इकडे अर्धी तिकडे अडकायची. तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे रांग लागते. त्या गर्दीत पूर्णेहून आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बाबा, पत्रिका का उड्या मारायली?" मला उत्तर देता आलं नाही.

मी धरून चाललो की मॉनिटरच खराब. रजईत गुंडाळून पॅसेंजरने नांदेडला सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांनी तो एकटाच जोडला, तासभर चालवला आणि "दोष नाही" असं लिहून दिलं. मी म्हणालो, दोन जोडून बघा. ते म्हणाले, दुसरा मॉनिटर आमचा नाही. दिवसभराचं दुकान बंद, वर भाडं. घरी येऊन रागाने तो रिव्ह्यू लिहिला.

खरं कारण पुढच्या रविवारी कळलं. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणारा भाचा आला होता. तो म्हणाला, "मामा, आधी फूटपट्टी आणा." दोन्ही स्क्रीनवर फूटपट्टी धरून मोजलं. जुन्या मॉनिटरवर एका इंचात सुमारे १०२ पिक्सेल बसतात, नव्यावर १६३. म्हणून विंडोजने नव्याचं स्केल, म्हणजे सगळं किती मोठं करून दाखवायचं ते प्रमाण, १५० टक्के ठेवलं होतं, जुन्याचं १००. जुन्यावर १२०० पिक्सेल रुंद असलेली विंडो नव्यावर १८०० पिक्सेलची होते. आकडे एवढे वेगळे, पण पट्टीवर जुन्याकडे पावणेबारा इंच भरले आणि नव्याकडे अकरा. म्हणजे विंडोजचं आकार बदलणं बरोबरच आहे, नाहीतर तीच विंडो नव्या स्क्रीनवर साडेसात इंचाहूनही थोडी कमी झाली असती.

अडचण मधल्या क्षणाची आहे. विंडोचा अर्ध्याहून जास्त भाग ज्या स्क्रीनवर, त्या स्क्रीनचं स्केल तिला मिळतं. ते बदललं की विंडोज त्या प्रोग्रामला `WM_DPICHANGED` नावाचा निरोप देतो आणि सोबत विंडोची नवी जागा आणि नवा आकारही सुचवतो. ही जागा अशी काढलेली असते की माऊसने विंडो जिथे धरली आहे तिथेच ती धरलेली राहावी. जो प्रोग्राम हे सुचवणं ऐकतो तो सीमेवर एकदाच आकार बदलतो आणि पुढे जातो.

माझा प्रूफ दाखवणारा छोटा प्रोग्राम ते ऐकत नव्हता. तो आपला डावा वरचा कोपरा जागेवर ठेवून स्वतःच आकार बदलायचा. भाच्याने पत्रिकेच्या कोऱ्या पाकिटावर मांडून दाखवलं. विंडो १८०० ची, डावीकडून उजवीकडे चालली आहे. उजवीकडे ९०१ पिक्सेल गेले, डावीकडे ८९९ उरले. जास्त भाग उजवीकडे, म्हणून स्केल १०० टक्के आणि रुंदी १२००. पण डावा कोपरा हलला नाही, म्हणजे डावीकडचे ८९९ तसेच राहिले आणि उजवीकडे फक्त ३०१ उरले. आता जास्त भाग पुन्हा डावीकडे! परत १५० टक्के, परत १८००, परत उजवीकडे ९०१. हेच चक्र चालू राहतं, आणि तीच थरथर.

मग त्याने दोन्ही मॉनिटरच्या जागा बदलल्या, टेबलावरही आणि सेटिंगमधल्या मांडणीतही. फोर-के उजवीकडे, जुना डावीकडे. त्याच प्रोग्रामची तीच विंडो एका झटक्यात पलीकडे गेली, थरथर नाही. या मांडणीत डावा कोपरा जुन्या स्क्रीनवर असतो. १८०० ची १२०० झाली तरी जुन्यावरचे ९०१ तसेच राहतात आणि नव्यावर २९९ उरतात, म्हणून निकाल पालटत नाही. हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा माझा मॉनिटरवरचा राग गेला.

जागा मात्र परत पूर्वीसारख्या केल्या, कारण गिऱ्हाईकाची खुर्ची डावीकडे नेली तर कटिंग मशीनची वाट अडते. शेवटी उपाय त्या प्रोग्रामवरच केला. त्याच्या फाइलवर राइट क्लिक, Properties, Compatibility, मग Change high DPI settings. तिथे Override high DPI scaling behavior वर खूण करून खाली System निवडलं आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. आता तो प्रोग्राम स्वतः काही बदलत नाही. त्याला कायम १०० टक्केच दिसतं आणि ताणण्याचं काम विंडोज करतो. याची किंमत अशी की फोर-केवर ती विंडो किंचित धूसर दिसते, कारण लहान चित्र दीडपट ताणलेलं असतं. जुन्यावर १०० टक्केच असल्याने ती स्वच्छ दिसते, आणि गिऱ्हाईक बघतं ते जुन्यावरच. रफार आणि बारीक रेषा मी डिझाइनच्या प्रोग्राममध्येच तपासतो.

तुमचा कोणता प्रोग्राम कसा वागतो हे बघायचं असेल तर टास्क मॅनेजरच्या Details मध्ये DPI Awareness हा रकाना चालू करा; स्केल बदललेलं प्रोग्रामला कळतं की नाही ते तो दाखवतो. Unaware किंवा System असेल तर ताणण्याचं काम विंडोजकडे आहे, मग धूसरपणा दिसू शकतो. Per-Monitor असूनही थरथरत असेल तर प्रोग्रामच चुकतोय. घाईत असाल तर ओढूच नका: विंडोज, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ एकदम दाबली की विंडो थेट दुसऱ्या स्क्रीनवर जाते, सीमेवर थांबत नाही.

दोन्हीचं स्केल सारखं करूनही बघितलं. दोन्हीकडे १०० ठेवलं तर फोर-केवरचे मेनू मला चष्म्यातूनही वाचवेनात. दोन्हीकडे १५० ठेवलं तर जुन्या स्क्रीनवर १२८० बाय ७२० एवढीच जागा उरते आणि पत्रिका अर्धीच दिसते.

पैशांचं म्हणाल तर जुना मॉनिटर ठेवूनच दुसरा घ्यायचा असेल तर मी आज २७ इंचीत २५६० बाय १४४० घेईन. तो इंचाला १०९ पिक्सेल पडतो, जुन्याच्या १०२ ला अगदी जवळ. दोन्हीकडे १०० टक्के राहतं आणि हा प्रश्नच येत नाही. मला तेव्हा तो सात हजारांनी स्वस्त मिळत होता. फोर-केला आता चार तारे. पाचवा देत नाही, कारण ते सात हजार आणि नांदेडची फेरी माझ्या खिशातून गेली.