ब्लेड की बर? सात महिने दोन्ही वापरल्यावरचा अनुभव

कॉफीसाठी माझ्याकडे आधी ब्लेडवालाच ग्राइंडर होता, झाकण दाबलं की घर्रर्र करणारा. सात महिन्यांपूर्वी हाताने फिरवायचा बर ग्राइंडर घेतला, सिरॅमिक बरचा, तोही स्वस्तातलाच, कारण त्याच बजेटमध्ये विजेवर चालणारा बरा बर मिळत नाही. आता दोन्ही आहेत.

मी पेपर फिल्टरने करतो, 15 ग्रॅम बिया, 250 मिली पाणी. ब्लेडने दळलं की एक दिवस पाणी दोन मिनिटांत खाली, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं झाली तरी वर डबकं साचलेलं, आणि चव एकाच घोटात आंबट पण आणि कडू पण. आधी वाटलं बियाच वाईट. मग दळलेली पूड चहाच्या बारीक गाळणीतून चाळून वजन केली तर 15 पैकी 4 ग्रॅम नुसतं पीठ खाली पडलेलं आणि वर अर्ध्या बियांएवढे तुकडे! पीठ फिल्टर तुंबवतं आणि कडवटपणा आणतं, मोठ्या तुकड्यातली चव पाण्यात उतरतच नाही म्हणून आंबट. ब्लेड दळत नाही हो, नुसतं तोडत सुटतं, किती बारीक हे फक्त वेळेवर.

बर म्हणजे छोटं जातंच, मधल्या फटीतून मावेल तेवढंच खाली येणार. खालची चकती पूर्ण आवळायची, बर एकमेकांना टेकले की तो शून्य, तिथून क्लिक मोजत सैल करायचं. माझा 12 वर बसलाय (तुमचा वेगळा असेल, मॉडेलवर आहे), तीन मिनिटांच्या आसपास पाणी उतरतं. आंबट लागली तर एक क्लिक बारीक, कडू लागली तर एक जाड. खरा फायदा हा, काल जमलं ते आज परत जमतं.

पण फ्रेंच प्रेसवाल्यांनो थांबा. स्वस्त बरचा दांडा जाड सेटिंगला डगमगतो, फट एका बाजूला जास्त एका बाजूला कमी, त्यामुळे भरड दळण तिथेही एकसारखं येत नाही. मी प्रेससाठी ब्लेडनेच एक-एक सेकंदाचे झटके देतो, दर झटक्याला ग्राइंडर हातात घेऊन हलवायचा, आठ-दहा झटके पुरतात, मग पीठ चाळून टाकायचं. सलग फिरवलं की वाट लागली, वर गरमही होतं. असं करून कपात मला तरी फरक कळला नाही. फक्त प्रेसच करत असाल तर बर घेऊ नका. आणि एस्प्रेसोसाठी दोन्ही बाद, एका क्लिकची उडी तिथे फार मोठी पडते.

वैताग एकच, फिकट भाजलेल्या बिया दगडासारख्या असतात, 15 ग्रॅमला दोन-अडीच मिनिटं हँडल फिरवत बसायचं, आणि पाहुणे चार आले की मी गपचूप ब्लेडवाला काढतो.