अरबी समालोचनावरून इंग्रजी सामनावृत्त: आधी सगळं उतरवायचं की घड्याळ धरून टिपायचं?

अरबी कानाला सरावलेली आणि इंग्रजीत नीट लिहिणारी माणसं थोडी असतात. त्यामुळे आखातात राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाकडेही हे काम येऊन पडतं: सामन्याचं अरबी समालोचन ऐका आणि सहा-सातशे शब्दांचं इंग्रजी वृत्त द्या. ते करायच्या वाटा मुळात दोन. एक, समालोचन शब्दन् शब्द उतरवून त्याचा अनुवाद करायचा आणि मग तो छाटत जायचं. दुसरी, ऐकता ऐकता घड्याळाबरोबर फक्त घटना टिपायच्या आणि वृत्त त्या टिपणावरून लिहायचं. तिसरीही एक आहे, तिच्याकडे नंतर येतो.

तुलनेसाठी एकच सामना धरू. २२ नोव्हेंबर २०२२, कतारमधलं लुसैल स्टेडियम, विश्वचषकाचा गटसामना, सौदी अरेबिया २, अर्जेंटिना १. सलग ३६ सामने न हरलेला संघ ५१व्या क्रमांकाच्या संघाकडून हरला, म्हणजे समालोचकांनी आवाज राखून ठेवायचं काही कारणच नव्हतं. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, ४८व्या मिनिटाला सालेह अल-शहरीचा गोल, ५३व्याला सालेम अल-दवसरीचा. पहिल्या अर्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले, तेही ध्यानात असू द्या.

आधी कष्टाचा हिशेब. भरपाईची वेळ धरून हा सामना शंभर मिनिटांच्या पुढे गेला. समालोचक मिनिटाला सव्वाशे शब्द बोलतो असं धरलं तरी साडेबारा हजार शब्द होतात, आणि तुम्हाला हवेत सहाशे. स्वच्छ आवाजातलं एक तासाचं बोलणं उतरवायलाच सरावलेल्या माणसाला चारेक तास लागतात. इथे तर मागे प्रेक्षकांचा गदारोळ, त्यात फुसहा म्हणजे प्रमाण अरबी आणि बोलीची सरमिसळ, वर घसा फाटलेला. पैसे बहुतेक ठिकाणी इंग्रजी शब्दांवर मिळतात. उतरवण्याची मेहनत फुकट जाते, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावं.

पण मुख्य अडचण वेळेची नाही, साच्याची आहे. दवसरीच्या गोलासारख्या क्षणी अरबी समालोचन कसं चालतं पाहा. कुणा एका समालोचकाचे शब्द देत नाही, नुसती धाटणी दाखवतो: ‘सालेम… सालेम… या सालेम! सालेम वळला, सालेम अजून, या सलाम! गोऽऽऽल! अल्लाह, अल्लाह, अल्लाह! काय केलंस हे, सालेम! हिरव्यांनो, जगाला सांगा! या रब्ब, हे खरं आहे का?’ यानंतर दीड-दोन मिनिटं आई, मातृभूमी, तारे, वाळवंट, एखादी कवितेची ओळ.

आता यातून बातमी काढा. खेळाडूचं नाव आहे, तो वळला हे आहे, गोल झाला हे आहे. चेंडू कुठून आला, कुठल्या पायाने मारला, जाळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात गेला, यातलं काहीच नाही. समालोचकाने ते सांगितलं नाही, कारण त्याचा श्रोता पडद्यावर पाहतोच आहे. अनुवादकाने कितीही प्रामाणिकपणे हे इंग्रजीत आणलं तरी हाती उद्गारांचा ढीग राहतो. मग छाटताना माणूस विशेषणं वाचवतो आणि तपशील स्वतःच्या कल्पनेने भरतो. ‘अविश्वसनीय’, ‘ऐतिहासिक’, ‘जादुई’ एकाच परिच्छेदात दिसले की समजावं, हे वृत्त उतरवलेल्या कागदावरून आलंय, खेळावरून नाही.

घड्याळाच्या पद्धतीत तोच क्षण एका ओळीत बसतो: ‘५२, सालेम १०, डीची डावी बाजू, बचावपटूंतून वाट, उजवा पाय, दूरचा वरचा कोपरा, २–१, कोलांटी.’ ही ओळ लिहिताना कान समालोचनावर आणि डोळे चित्रावर असतात. वृत्तातलं इंग्रजी वाक्य मग साधारण या अर्थाचं होतं: पाच मिनिटांनी दवसरीने डीच्या डाव्या बाजूला चेंडू ताब्यात घेतला, बचावपटूंच्या घोळक्यातून उजव्या पायासाठी जागा काढली आणि चेंडू दूरच्या वरच्या कोपऱ्यात वळवला. एकही उद्गारचिन्ह नाही, तरी वाचणारा पुढे सरकून बसतो. समालोचकाचा जोश क्रियापदांत आणि घटनांच्या क्रमात उतरला की विशेषणांची गरज फारशी उरत नाही.

एक बारकावा नवख्यांना हमखास चकवतो. पडद्यावरचं घड्याळ ५२ मिनिटं आणि काही सेकंद दाखवत असताना झालेला गोल वृत्तात ५३व्या मिनिटाचा असतो, कारण ५३वं मिनिट तेव्हा सुरू असतं. समालोचक मात्र घड्याळाकडे पाहून ‘बावन्न’ म्हणून जातो. टिपताना घड्याळ जसं दिसतं तसंच लिहावं आणि वृत्तात एक मिळवावा. दोन्हीकडे मिळवलात तर ५४ होतात, आणि ती चूक संपादकाआधी वाचकाला दिसते.

नावांच्या बाबतीत मात्र कुठलीच पद्धत आपोआप वाचवत नाही. अरबी समालोचक खेळाडूला पहिल्या नावाने हाक मारतो. या सामन्यात सालेह आणि सालेम यांनी पाच मिनिटांच्या अंतराने गोल केले, आणि कर्णधार होता सलमान अल-फरज. अरबीत सालेहचा ‘साद’ जड आणि सालेमचा ‘सीन’ हलका, शेवटचं अक्षरही वेगळं. शांत खोलीत चुकायचं कारण नाही. ऐंशी-नव्वद हजारांच्या गर्जनेत ताणून ओरडलेला ‘साऽऽल…’ मात्र दोघांचाही असू शकतो. शिवाय मोहम्मद अल-उवैस गोलरक्षक आणि मोहम्मद कन्नो मधल्या फळीत. पलीकडे मार्तिनेझ दोन: गोलजाळ्यात एमिलियानो, पुढे लाउतारो. उत्तरार्धात लिसांद्रो आला आणि तीन झाले. म्हणून सामन्याआधी संघयादी समोर ठेवून टिपणात नावापुढे पाठीवरचा आकडा लिहायचा. दवसरी १०, शहरी ११. उतरवलेल्या कागदावर आकडा नसतो, कारण समालोचक तो बोलतच नाही. इंग्रजी स्पेलिंगही याच यादीतून घ्यावं. दवसरी-दोसरी असे दोन्ही प्रकार छापून येतात, आणि एकाच वृत्तात दोन्ही आले तर वाचकाला दोन माणसं वाटतात.

टोपणनावांनाही सांभाळावं लागतं. अरबी समालोचनात सौदीचा संघ ‘अल-अख्दर’, म्हणजे हिरवा, अर्जेंटिनाचा संघ ‘टँगो’वाला, आणि मेस्सी कधी कधी ‘अल-बुरगूस’, म्हणजे पिसू. तिसरं शब्दशः इंग्रजीत टाकलं तर अपमान वाटेल. पहिलं चालतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या उल्लेखाला आणि परिच्छेदात एकदाच.

आता ते तीन रद्द गोल. शब्दशः उतरवण्याच्या पद्धतीचं सगळ्यात मोठं नुकसान इथे दिसतं. प्रत्येक वेळी निराशेची आरोळी, मग कुजबुज, मग ‘तसल्लुल! तसल्लुल!’ म्हणजे ऑफसाइड, आणि सुटकेचा मोठा नि:श्वास. कागदावर ही तीन भलीमोठी नाट्यं होतात आणि त्यांना तीन परिच्छेद मिळतात. वृत्तात त्यांची जागा एका वाक्याची: मध्यंतरापूर्वी अर्जेंटिनाचे तीन गोल, एक मेस्सीचा आणि दोन लाउतारोचे, ऑफसाइडमुळे नाकारले गेले. सौदीची बचावफळी किती वर उभी होती हे त्याच वाक्याला जोडलं तर वाचकाला कारणही कळतं. प्रशिक्षक एर्वे रेनार यांनी घेतलेला धोका हाच होता. समालोचकाच्या जल्लोषात हे कारण सहसा हरवतं.

तरी शब्दशः उतरवणं अगदीच टाकाऊ नाही. समालोचन हाच विषय असेल, म्हणजे लेख समालोचकावर किंवा अरब जगाने सामना कसा ऐकला यावर असेल, तर तीच वाट. कुणाचं वाक्य अवतरणात द्यायचं असेल तर तेवढी वीस-तीस सेकंदं नीट उतरवलीच पाहिजेत, दोनदा ऐकून. माझ्या मते सामनावृत्तात असं अवतरण एकच असावं, समालोचकाच्या नावानिशी, आणि भावना हीच बातमी असेल तेव्हाच.

तिसरी वाट: अधिकृत सामनापत्रक आणि आकडेवारीवरून वृत्त रचायचं, समालोचन फक्त रंगासाठी ऐकायचं. अरबी कच्ची असेल किंवा वेळ अर्धा तासच असेल तर हे सुरक्षित. मिनिटं, बदली खेळाडू, ८८,०१२ ही प्रेक्षकसंख्या बिनचूक येतात. समालोचक ती ‘नव्वद हजार’ करून मोकळा होतो. पण पत्रकात न मावणाऱ्या गोष्टी हातून जातात. भरपाईच्या वेळेत गोलरक्षक उवैसचा गुडघा स्वतःच्याच बचावपटूच्या, यासिर अल-शहरानीच्या, तोंडावर आदळला. पत्रकात तिथे फक्त एक बदली दिसतो. समालोचकाचा आवाज पडतो, ‘या सातिर’, म्हणजे ‘देवा, सांभाळ’, येतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की मामला गंभीर आहे. वृत्तात मात्र डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहावं, म्हणजे त्याला स्ट्रेचरवरून नेलं. जबडा मोडला की नाही हे समालोचकाच्या हळहळीवरून ठरवायचं नाही.

मग निवड कशी करायची? वृत्त शिटी वाजल्यावर तासाभरात द्यायचं असेल आणि चित्र दिसत असेल तर घड्याळाचं टिपण, दुसरा विचार नको. फक्त ध्वनी मिळाला असेल तर टिपणाच्या जोडीला सामनापत्रक लागतंच, कारण दिशा आणि पाय ऐकून कळत नाहीत. गोलांच्या आसपासची दोन-दोन मिनिटं परत ऐकायची सोय ठेवावी. समालोचक आनंदात असताना पुढची चाल त्याच्या तोंडून निसटलेली असते, आणि ती फक्त मागच्या आवाजांतून समजते.

आणि काम घेण्याआधी समालोचक कुठला हे विचारून घ्या. कुवेत-मस्कतला कान तयार झालेल्या माणसाला ओमानी खलील अल-बलुशी सहज कळेल. ट्युनिशियाचे इसाम अल-शवाली बरंचसं फुसहात बोलत असले तरी मधूनच गावचा शब्द आणि कवितेची ओळ टाकतात, आणि तिथे आखाती कान अडखळतो. अशा वेळी अडलेला शब्द सोडून द्यावा, घटना सोडू नये. शंका मात्र टिपणात प्रश्नचिन्हानिशी लिहून ठेवावी, म्हणजे वृत्त लिहिताना ती खात्री बनून येत नाही.