शाळेचा शर्ट कॉटनचा की टेरीकॉटचा, आणि पावसात पायात काय?

युनिफॉर्मचा रंग शाळा ठरवते, चेक्स कुठले तेही शाळा ठरवते, पण कापड कशाचं असावं हे बऱ्याच शाळा सांगत नाहीत आणि आपणही विचारत नाही, दुकानदार काउंटरवर जे टाकेल ते घेऊन येतो. मी पण दोन वर्षं तेच केलं. माझा मुलगा चौथीत, आम्ही बदलापूरला, बहीण नागपूरला आणि तिची मुलगी पण चौथीतच, त्यामुळे जून आला की आमच्या फोनवर हाच विषय. ती म्हणते ताई तू पोराला टेरीकॉट म्हणजे प्लास्टिकच घालतेस, मी म्हणते तू एक जुलै महिना माझ्याकडे काढून बघ मग बोल. दोघींचंही आपापल्या गावापुरतं बरोबर होतं, पण हे मला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने शिकवलं, त्याचं पुढे सांगते.

आधी दुकानात काय काय मिळतं ते. शर्टिंगमध्ये एक प्युअर कॉटन. दुसरं आपण ज्याला टेरीकॉट म्हणतो ते, होलसेलवाले त्याला पीसी म्हणतात, त्यात पॉलिस्टर जास्त आणि कॉटन कमी, साधारण ६५-३५ किंवा ६७-३३. आणि तिसरं ज्याचं नाव बहुतेकांना माहीत नसतं ते सीव्हीसी, म्हणजे उलटं, कॉटन जास्त आणि पॉलिस्टर कमी, ६०-४० वगैरे. दुकानदार आपणहून सीव्हीसी दाखवत नाही, मागावं लागतं. शाळेचा जो तयार शर्ट मिळतो तो बहुतेक वेळा पीसीच असतो कारण तो स्वस्त पडतो, चुरगळत नाही आणि रंग टिकतो.

आता वजनकाटा. मागच्या जुलैत एका रात्री मुलाचे दोन शर्ट, एक कॉटनचा एक पीसीचा, एकाच मापाचे, हाताने धुतले, सारखेच पिळले आणि काट्यावर ठेवले. कोरडा असताना कॉटनचा १२८ ग्रॅम होता, पिळल्यावर २४० झाला. पीसीचा ११२ होता तो १७० झाला. दोन्ही हॉलमध्ये दोरीवर पंख्याखाली रात्री नऊला टाकले. सकाळी सहाला पीसीचा ११४ वर आला होता, म्हणजे वाळलाच म्हणायचा, आणि कॉटनचा अजून १५० वर. बावीस ग्रॅम म्हणजे चार चमचे पाणी, आणि ते सगळीकडे सारखं नसतं तर कॉलर, बटणपट्टी आणि खिशाच्या शिवणीत बसलेलं असतं. वरून इस्त्री फिरवली की शर्ट कोरडा वाटतो, मूल घालून जातं आणि दुपारी घरी येतं तेव्हा तो कुबट वास, जो तुम्हाला पण माहीत आहे.

कारण साधं आहे, कॉटनचा धागा पाणी आत पितो, पॉलिस्टरचा पीत नाही, पाणी फक्त धाग्यांच्या फटीत राहतं आणि लवकर उडून जातं. पण उन्हाळ्यात हाच मुद्दा उलटा फिरतो. घाम आला की कॉटन तो उचलतं, पसरवतं, आणि हवा कोरडी असेल तर तो उडताना अंग गार करतो. नागपूरला मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की बहिणीचा धुतलेला कॉटन शर्ट तासा-दीड तासात खडखडीत वाळतो, तिला दोन शर्टांत सगळं वर्ष निघतं, म्हणून तिला पीसी घ्यायचं काही कारणच नाही. शिवाय पॉलिस्टर अंगाचा तेलकटपणा धरून ठेवतं, म्हणून पीटीचे ते चकचकीत पॉलिस्टर टीशर्ट धुऊन पण काखेत वास मारतात, ते तुमच्या धुण्यात कमी पडलंय असं नाही, कापडाचाच गुण आहे तो.

आमच्याकडचा उकाडा वेगळा. ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये हवेतच एवढा दमटपणा असतो की घाम उडतच नाही, कॉटन पण ओलं होऊन पाठीला चिकटतं. तरी पीसीपेक्षा ते बरं, पण इथे कापड कॉटन आहे का यापेक्षा ते पातळ आहे का आणि विण किती मोकळी आहे याचा फरक मला जास्त जाणवला. जाड प्युअर कॉटनपेक्षा पातळ सीव्हीसी मुलाला जास्त आवडतं, घामोळं पण कमी झालं. दुकानात कापड एका पदरी ट्यूबलाइटसमोर धरा, पलीकडचा उजेड बारीक ठिपक्यांत दिसला तर हवा जाईल. तोंडाला लावून फुंकर मारली आणि पलीकडे हाताला लागली तर अजून चांगलं. लोक बघतात, बघू देत.

मग आमचा हिशोब असा झाला. शर्ट तीन, त्यातले दोन सीव्हीसीचे आणि एक पीसीचा, पीसीचा फक्त जुलै-ऑगस्टसाठी, सलग पाऊस लागला की तो कामाला येतो. तिसऱ्या शर्टाचे पैसे जास्त वाटतात, पण दोनच शर्ट असले की रोज रात्री धुवायलाच लागतो आणि मग तुम्ही आपोआप पीसीकडे ढकलले जाता. तीन असले की एका शर्टाला वाळायला आणखी एक रात्र मिळते आणि मग कॉटन जास्त असलेलं परवडतं. म्हणजे कापड कुठलं या प्रश्नाचं अर्धं उत्तर शर्ट किती आहेत यातच आहे.

पॅन्ट, स्कर्ट, पिनोफोरचं फार डोकं लावू नका. तिथे पीव्ही घ्या, पॉलिस्टर आणि व्हिस्कोसचं मिश्रण, मऊ असतं, चिखल सुटतो आणि मुलींच्या पिनोफोरच्या प्लेट्स त्यात टिकतात, कॉटनमध्ये दुसऱ्या धुण्याला त्यांचं पोतेरं होतं. फक्त कमरेच्या पट्टीला आणि खिशाला आतून कॉटन लावायला टेलरला सांगा, मुलांना खाज सुटते ती तिथेच.

प्युअर कॉटन म्हणून काय विकतील याचा नेम नाही, म्हणून एक धागा उभा आणि एक आडवा कापडाच्या कडेतून काढा. दोन्ही वेगवेगळे काढायचे, कारण काही कापडात एकाच बाजूला कॉटन असतं. घरी सिंकवर चिमट्यात धरून जाळा, मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. कॉटन भुर्रकन जळतं, कागद जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात विरघळते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरतो. मिश्रणात राखेत खडा लागतो. यातून पॉलिस्टर आहे की नाही एवढंच कळतं, किती टक्के ते नाही, आणि व्हिस्कोस कॉटनसारखंच जळतं म्हणून ते पकडता येत नाही. आणि कॉटन किंवा सीव्हीसी शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही वर जाते. आमचा एक शर्ट असाच गेला, ऑगस्टमध्ये पोट दिसायला लागलं.

आता बूट, इथे माझं मत जरा कडक आहे. जूनमध्ये काळे बूट घेऊ नका. सगळे घेतात, मी पण घ्यायचे. त्या काळ्या रेक्झिनच्या बुटाला बाहेरून पाणी लागत नाही असं वाटतं, पण पाणी वरून, मोज्यातून आत जातं आणि आतमध्ये फोम आणि कापडाचं अस्तर असतं ते स्पंजसारखं भरतं. बाहेरचं रेक्झिन मग ते पाणी बाहेरही येऊ देत नाही. दोन दिवसांनी बाहेरून लख्ख आणि आत हात घातला तर गार ओलं. तेच बूट रोज घालून मुलाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, पांढरी पडलेली कातडी, खाज, मग मलम आणि रडारड. चामड्याचे बूट आत हवा खेळण्याच्या बाबतीत या सगळ्यांत चांगले, पण पावसात त्यांच्यावर बुरशीचा हिरवट थर येतो आणि वाळायलाही बराच वेळ लागतो. कॅनव्हासचे पांढरे बूट उन्हाळ्यात मस्त, हलके, हवा येते, धुता येतात, पण पावसात एकदा भिजले की दुसऱ्या दिवशी घालता येतीलच असं नाही.

पावसासाठी दोनच पर्याय खरे. एक, पट्ट्यांची सँडल, ज्याला सगळे फ्लोटर्स म्हणतात, मोज्याशिवाय, पाय भिजतो पण वर्गात बसल्यावर वाळतो. दुसरा, काळे अखंड प्लास्टिकचे बूट, ते शाळेच्या बुटासारखे दिसतात म्हणून शाळा काही बोलत नाही, पाणी शोषत नाहीत, पुसले की झालं, पण घाम आतच राहतो आणि टाचेला घासून फोड येतात. पाच मिनिटांची शाळा असेल तर चालतील, चालत वीस मिनिटं असेल तर फ्लोटर्सच. आमच्या शाळेत पावसाळ्यात सँडल चालते, बऱ्याच ठिकाणी चालते, फक्त विचारावं लागतं. घेताना सोल उलटा करून खोल खाचा बघा आणि पट्टीच्या आत जाड स्पंज नाही ना ते बघा, असला की परत तीच ओली पट्टी. गमबूट लहान वयात गोड दिसतात, पण वरून पाणी भरलं की बादली होते.

बूट भिजलेच तर सुखतळा बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने ते बदला, नाहीतर ओला कागदच आत बसतो, आणि पंख्याखाली भिंतीला टेकवून उभे ठेवा. गॅसजवळ ठेवू नका, चिकटवलेला सोल उघडतो. घ्यायला गेलात की सुखतळा निघतो का ते दुकानातच ओढून बघा. गेल्या वर्षीची जोडी माळ्यावर ठेवली असेल तर घालायच्या आधी सोल वाकवून बघा, पीयूचा, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लास्टिकचा, सोल दमट हवेत न वापरता पडून राहिला तरी आतून सडतो, माझ्या भाच्याच्या बुटाचा शाळेच्या गेटवरच भुगा झाला.

काळे बूट आम्ही आता दिवाळीच्या सुट्टीत घेतो. तोवर पाय वाढलेला असतो, त्यामुळे माप पण ताजं, संध्याकाळी जाऊन मोजे घालून, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. बहिणीकडे शाळा आमच्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडते आणि पाऊस असला तरी मध्ये उघडीप असते, तर तिने जूनमध्येच कॅनव्हास घेतले आणि ते पुरले. यंदा ती मुलीसाठी पीसीचा एक शर्ट मागतेय, फक्त ऑगस्टपुरता.