टीव्हीसाठी बिनतारी हेडफोन: कोडेक बघून घ्यावा की डोंगल?

रात्री घरचे झोपल्यावर मॅच बघायची म्हणून मी टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन जोडला. चेंडू बॅटला लागून फिल्डरकडे निघालासुद्धा, आणि मग कानात ‘टॉक’. तोच हेडफोन मोबाइलला जोडून सिनेमा लावला तर ओठ आणि शब्द अगदी बरोबर. म्हणजे दोष एकट्या हेडफोनचा नव्हता.

उशीर किती, ते मोजून बघितलं. एक इयरकप दुसऱ्या फोनच्या माइकला टेकवला, त्या फोनने टीव्हीचा व्हिडिओ घेतला आणि तो फ्रेम-फ्रेम पुढे सरकवला. सेकंदाला 30 फ्रेम असल्या तर एक फ्रेम म्हणजे 33 मिलिसेकंद. बॅटला चेंडू लागल्यापासून आवाज येईपर्यंत 7 फ्रेम गेल्या, म्हणजे साधारण 230 मिलिसेकंद. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हाच फटका फ्रेमला फ्रेम जुळत होता. आवाज सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास मागे पडला की बहुतेकांना ते जाणवू लागतं, तेव्हा 230 खुपणारच.

एवढा वेळ जातो कुठे? आपण कोडेकला, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीला, दोष देतो. पण एसबीसी हा सगळ्या ब्लूटूथ हेडफोनांत असणारा कोडेक आवाजाचे जेमतेम 3 मिलिसेकंदांचे तुकडे करतो, एएसी सुमारे 23 चे. खरा वेळ खातो तो हेडफोनमधला साठा, म्हणजे बफर. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि घरातलं वायफाय, मायक्रोवेव्हही तिथेच असतात. एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवायला सवड हवी, म्हणून हेडफोन थोडा आवाज शिलकीत ठेवूनच वाजवतो. शिलक जितकी जास्त, तितका आवाज तुटत नाही, पण उशीर वाढतो. एसबीसी-एएसीवर 150 ते 250 नेहमीचंच. एलडॅक हा कोडेक आवाजाला उत्तम, पण उशिराच्या बाबतीत त्याच पंगतीतला किंवा आणखी मागे. डब्यावर एलडॅक लिहिलंय म्हणून टीव्हीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

मग मोबाइलवर सगळं जुळतं कसं? हेडफोन फोनला आपला उशीर कळवतो आणि व्हिडिओचं ॲप चित्र तेवढंच थांबवून धरतं. सिनेमा आधीच तयार असतो, त्यामुळे चित्र रोखलं तर कोणाचं बिघडत नाही. गेममध्ये मात्र बटण दाबल्यावर आवाज तेव्हाच तयार होतो, तिथे रोखायला काही नसतं. टीव्हीला चित्र रोखता आलं असतं, पण बरेच टीव्ही ते करत नाहीत. सेटिंगमध्ये आवाजाच्या उशिराची पट्टी असते खरी, पण बऱ्याच टीव्हींत ती आवाज आणखी मागे ढकलते. आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट!

म्हणून निवड वापरावर ठरवावी. फोन-टॅबवर फक्त सिनेमे आणि मालिका बघत असाल तर कुठलाही बरा हेडफोन चालेल. लॅपटॉपवर व्हीएलसी असेल तर J दाबा, प्रत्येक वेळी आवाज 50 मिलिसेकंद पुढे येतो. 230 साठी चार-पाच वेळा.

टीव्हीसाठी मी दोनच पर्याय मानतो. पहिला, ॲप्टएक्स लो लेटन्सी या कोडेकचा, टीव्हीला जोडून आवाज पाठवणारा ट्रान्समीटर आणि तोच कोडेक असलेला हेडफोन. उशीर 40 मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. पण कोडेक दोन्हीकडे हवा, एकीकडे नसला तर गपचूप एसबीसी सुरू होतो. नव्या हेडफोनांत हा कोडेक कमीच दिसतो, त्याच्या जागी ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह आला आहे, तेव्हा दोघांची जोडी नीट तपासा. ट्रान्समीटर ऑप्टिकल केबलने जोडला तर टीव्हीत आवाजाचं आउटपुट पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या आवाजावर ठेवा, नाहीतर काहीच ऐकू येणार नाही अशीही शक्यता असते. दुसरा पर्याय, स्वतःच्या 2.4 गिगाहर्ट्झ डोंगलसह येणारा हेडफोन. तो ब्लूटूथ वापरत नाही, उशीर बहुधा 40 च्याही खाली असतो. गेम खेळणाऱ्याने हाच घ्यावा, किंवा सरळ वायर लावावी. टीव्हीला लावण्याआधी मात्र डोंगल यूएसबीचा आहे का आणि टीव्ही तो ओळखतो का, ते दुकानातच बघा. बरेच टीव्ही ओळखत नाहीत.

मी पहिला घेतला, कारण टीव्हीला ऑप्टिकल होतं आणि यूएसबीचा भरवसा नव्हता. परत मोजलं तर 2 फ्रेमच्याही आत.

एक गोष्ट वेगळी ओळखा. उशीर सुरुवातीपासून तेवढाच राहिला तर कारण वर सांगितलेलं. सुरुवातीला जुळलेलं असून तासाभरात आवाज सरकत गेला, तर कोडेकचा संबंध नाही. फाइलचा फ्रेम-वेग किंवा दोन उपकरणांच्या घड्याळांतला फरक असण्याची शक्यता जास्त. तीच फाइल स्पीकरवर तासभर चालवून बघा. तिथेही सरकली, तर हेडफोन बदलून पैसे घालवू नका.