पान ३ कुठे गेलं? फोटोंनी भरलेल्या लांबलचक चॅटचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

घरातली ६४ पानांची हस्तलिखित नोंदवही टाइप करून घ्यायला मी एआय चॅट वापरतो. एकेका पानाचा फोटो टाकायचा आणि त्याचा तक्ता करून घ्यायचा, एवढंच काम. पहिली तीसेक पानं इतकी छान झाली की मी ताडून पाहणंच सोडून दिलं. ती चूक महागात पडली.

वहीत संक्षेपांची भरमार आहे आणि त्यांचे अर्थ पान ३ वर लिहिलेत. चाळिशीच्या आसपास 'ज.' म्हणजे 'जमा' याऐवजी अचानक 'जमीन' येऊ लागलं. मी म्हटलं, पान ३ बघ. उत्तर ठामपणे आलं, पण चुकीचं. मग त्या पानावरच्या शिक्क्याचा रंग विचारला. शिक्क्याबद्दल आमच्यात तोवर एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं, त्यामुळे फोटो दिसत असेल तरच उत्तर देता येणार होतं. 'निळा, गोल' असं उत्तर आलं. शिक्का जांभळा आणि लांबट आहे. तोच फोटो पुन्हा टाकला, तर रंग आणि आकार दोन्ही बरोबर आले. म्हणजे अक्षर वाचता येत होतं, फोटोच नजरेआड झाला होता.

हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. एआय मजकूर आणि फोटो दोन्ही टोकन नावाच्या लहान तुकड्यांत मोजतो. माझ्या साधनात साधारण ७५० पिक्सेलमागे एक टोकन जातो. १२०० बाय १५०० पिक्सेलचं पान म्हणजे २,४०० टोकन. अशी ४० पानं ९६,००० खातात. त्यात प्रत्येक तक्त्याचे ८०० धरले तर आणखी ३२,०००. एकूण १,२८,०००, आणि कॉन्टेक्स्ट विंडो, म्हणजे एआयला एका वेळी नजरेसमोर ठेवता येईल तेवढी जागा, तीही नेमकी तेवढीच. पुढचं पान टाकलं की सर्वात जुनं बाहेर पडतं. स्क्रीनवर वर सरकवलं तर फोटो तिथेच दिसतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. काही साधनं मर्यादा आली की सरळ थांबवतात. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

आधी मी फोटो लहान करून पाहिले. लांबी-रुंदी निम्मी केली की टोकन चौथाईवर येतात, पण बारीक अक्षर आणि काना-मात्रा पुसट होतात. त्यापेक्षा कडेची रिकामी जागा कापणं बरं, अक्षराला धक्का लागत नाही.

खरा फरक पडला तो पान ३ मजकुरात उतरवून घेतल्यावर. सगळे संक्षेप एकदा टाइप करून घेतले, स्वतः तपासले, आणि आता दर १२ पानांनी नवीन चॅट उघडून ती यादी सुरुवातीलाच चिकटवतो. यादीला दोन-तीनशे टोकन लागतात. शंका आली की जुन्या फोटोबद्दल विचारत बसत नाही, तो पुन्हा टाकतो. विंडोत जागा असतानाही खूप फोटो झाले की पानांची सरमिसळ होते, म्हणून प्रत्येक फोटोसोबत पानाचा क्रमांक लिहितो.

३८ ते ४६ ही पानं मात्र पुन्हा करावी लागली.