मावळ्याच्या वेशातलं चित्र: तयार साचा की रंगवून घेतलेलं?

बाबांच्या साठीला त्यांचं मराठा सरदाराच्या वेशातलं चित्र भेट द्यायचं ठरलं, तेव्हा मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. आधी स्टुडिओत तयार साच्यावर चेहरा बसवून घेतला, मग एका चित्रकाराकडून डिजिटल चित्र रंगवून घेतलं.

साच्याचं काम तासाभरात झालं आणि खर्च सातशे रुपये. चित्राला तीन आठवडे आणि सहा हजार लागले. शिवजयंतीला स्टेटसवर ठेवायचं असेल, तर साचा पुरे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. फोनवर तो छानच दिसतो.

पण अठरा इंची फ्रेम भिंतीवर लागली आणि मला कपाळ खुपायला लागलं. डोक्याला पगडी आहे, पण तिची सावली कपाळावर नाही. फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला, तर साच्यातल्या ढालीवर उजेड डावीकडून आलेला. शिवाय साच्यातली पगडी ठरावीक मापाची, म्हणून बाबांचा रुंद चेहरा दोन्ही बाजूंनी दाबून बसवला होता. आई म्हणाली, "हे आहेत खरे, पण आजारी दिसतायत." त्यानंतर मला त्या फ्रेममध्ये दुसरं काही दिसेना.

चित्रकाराने पहिली अट घातली ती नव्या फोटोची. बाबांना दाराजवळ उभं करा, उजेड एका बाजूने येऊ द्या, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि डोक्याला पंचा गुंडाळा. पंच्याने कानांची वरची कड दबते, कपाळावर सावली पडते, भुवया थोड्या खाली येतात. चित्रकार हेच पाहून पगडी रंगवतो, त्यामुळे ती डोक्यावर बसते, वर तरंगत नाही.

चिलखताबाबतही फरक पडला. साच्यात छातीवर चकचकीत पत्रा होता, युरोपातल्या सरदारासारखा. आपल्याकडे प्रामुख्याने कड्यांची जाळी असे, आणि ती कपड्याखालीही घालत. प्रतापगडच्या भेटीला महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले होते, हे आपण लहानपणापासून ऐकलेलंच आहे. म्हणून आम्ही अंगरखाच ठेवला. फक्त गळ्याशी आणि मनगटाशी कड्या दिसतात, आणि एका हाताला दस्ताना आहे. डोक्याला साधं पागोटं सांगितलं, कारण पुणेरी पगडी शिवकाळाच्या नंतरची.

एक अडचण मात्र खरी आहे. माणूस हयात नसेल तर नवा फोटो मिळत नाही. अशा वेळी जुन्या फोटोत उजेड कुठून येतो ते पाहून चित्रकाराला बाकीचा वेश त्याच बाजूने उजळवावा लागतो. साच्यात उजेड आधीच ठरलेला असतो, तो बदलून देणारा मला तरी भेटला नाही.

पहिली फ्रेम आता कपाटामागे आहे. दुसरी बैठकीत लागली, आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला आधी मनगटावरच्या कड्या दाखवतात.